परिपाठात काय बोलू? चेहरा बदलणाऱ्या अ‍ॅपबद्दल एका शिक्षिकेला उत्तर

पत्र

आमच्या माध्यमिक शाळेत नववीतल्या एका मुलानं वर्गातल्या मुलीचा चेहरा अ‍ॅप वापरून एका आयटम साँगमधल्या नर्तकीला लावला आणि तो व्हिडिओ मुलांनी आपापसात केलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. चार दिवस झाले, मुलगी शाळेत येत नाही. त्या मुलाकडे याहून वाईट फोटोही आहेत अशी कुजबुज आहे, पण पाहिलंय असं कुणी सांगत नाही. मुख्याध्यापकांनी सोमवारी परिपाठात मला यावर भाषण करायला सांगितलंय. लिहायला बसले तर दोनच गोष्टी सुचतात: मुलींनो, फोटो टाकू नका, आणि मुलांनो, असं केलंत तर तुरुंगात जाल. दोन्ही लिहून खोडलं. काय बोलू?

— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर

ताई,

भाषणाकडे येतेच, पण सोमवारच्या आधी एक काम उरकायला हवं. 'याहून वाईट फोटो' ही कुजबुज तुमच्या कानावर आली आहे आणि मुलगी अठरा वर्षांखालची आहे. तिचा चेहरा लावून कुणी अश्लील चित्र बनवलं असेल, तर शरीर तिचं नाही म्हणून ते सुटत नाही. पॉक्सो कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनं संगणकावर तयार केलेली आणि फेरफार केलेली चित्रंही त्या कायद्याखाली आणली आहेत. त्याच कायद्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा तो होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. गुन्हा झाल्याचं माहीत असून न कळवणं हा कलम २१ प्रमाणे वेगळा गुन्हा आहे. तेव्हा 'आधी आपण शहानिशा करू, मग बघू' असं मुख्याध्यापक म्हणाले, तर हे कलम त्यांच्यासमोर ठेवा. शहानिशा करणं शाळेचं काम नाही, कळवणं आहे.

शाळेचं नाव खराब होईल या भीतीनं थांबणाऱ्यांसाठी एक उदाहरण देते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर कंट्री डे या खाजगी शाळेबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्येच राज्याच्या निनावी तक्रार यंत्रणेतून सूचना आली होती की एक मुलगा मुलींची बनावट नग्न चित्रं करतोय. शाळेनं पोलिसांना कळवलं नाही. २०२४ च्या मध्यात प्रकरण पोलिसांपर्यंत पोचलं, तेव्हा अशा मुलींची संख्या साठच्या घरात निघाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पालकांच्या संतापापुढे शाळेचे प्रमुख आणि संचालक मंडळाच्या अध्यक्षा दोघांनाही पद सोडावं लागलं.

कळवताना पुरावा म्हणून ते चित्र स्वतःच्या फोनवर मागवून घेऊ नका. हेतू कितीही चांगला असो, अल्पवयीनाचं अश्लील चित्र जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं तुमच्यासाठीही धोक्याचं आहे. कुणी पाहिलं, कुणाच्या फोनवर, कुठल्या दिवशी, ग्रुपचं नाव काय, कुठल्या नंबरवरून आलं, एवढं कागदावर लिहा आणि तो कागद पोलिसांना द्या. नाचाच्या व्हिडिओचं वेगळं आहे. तो अश्लील नसेल तर ग्रुपचं नाव, नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट चालेल. मात्र तो व्हिडिओ स्टाफरूममध्ये कुणीही कुणाला दाखवू नये. 'बघू तरी काय आहे' म्हणून तो मोठ्यांच्या फोनवरही फिरतो, आणि हे मुलीला कळतंच.

भाषणाआधी मुलीच्या घरी जाऊन तिला आणि तिच्या आईवडिलांना भेटा. 'सोमवारी मी बोलणार आहे, तुझा उल्लेख नसेल, भाषण लिहिलंय ते तू आधी वाच' असं सांगा. ती म्हणाली की इतक्यात नको, तर आठवडाभर पुढे ढकला. नाव न घेता केलेलं भाषणही वर्गातल्या सगळ्या माना तिच्या रिकाम्या बाकाकडे वळवतं. म्हणून ते फक्त नववीच्या त्या तुकडीपुढे करू नका. आठवी ते दहावीच्या सगळ्या तुकड्यांत, एकेका वर्गात जाऊन करा. मैदानावर माइकवरून तर नकोच, तिथं पाचवीची मुलं असतात आणि त्यांना अ‍ॅपची आयती माहिती मिळते. मुलगे आणि मुली एकत्र बसलेले असू द्या. अ‍ॅपचं नाव घेऊ नका आणि 'हे बघा कसं होतं' म्हणून करूनही दाखवू नका.

तुम्ही खोडलेल्या दोन वाक्यांबद्दल. 'फोटो टाकू नका' हे चुकतं ते अ‍ॅपच्या कामाच्या पद्धतीमुळे. अ‍ॅपला समोरून काढलेला एक स्पष्ट चेहरा पुरतो. डोळ्यांचे कोपरे, नाकाचा शेंडा, ओठांची कड, हनुवटी अशा जागा ते हेरतं आणि व्हिडिओच्या प्रत्येक चौकटीत दुसऱ्या बाईच्या तोंडावर, तिच्याच हावभावांसह, हा चेहरा बसवतं. तो एक चेहरा कुठूनही मिळतो: व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी, सहलीचा ग्रुप फोटो, नाहीतर स्नेहसंमेलनानंतर शाळेनंच फेसबुकवर टाकलेला, खाली नावं लिहिलेला बक्षीस समारंभाचा फोटो. जिच्याकडे फोनच नाही तीही यातून सुटत नाही. (शाळेच्या पानावरचे असे फोटो एकदा तपासा. मुलींच्या जवळून काढलेल्या चेहऱ्यांखाली पूर्ण नाव आणि इयत्ता असेल तर ते उतरवा.) शिवाय हे वाक्य ऐकून पीडित मुलगी एवढंच शिकते की चूक तिची होती, आणि पुढची मुलगी सांगायला येतच नाही.

'तुरुंगात जाल' हे वाक्य मला त्याहून घातक वाटतं. एक तर ते खरं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल न्याय मंडळापुढे जातं. मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशन, समाजसेवा किंवा देखरेख ठरवू शकतं आणि फार झालं तर जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात पाठवू शकतं. मुलं हे मोबाइलवर दोन मिनिटांत शोधतात आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा विश्वासही उडतो. दुसरं, ज्याच्याकडे ते फोटो आहेत तो घाबरून पुसून टाकतो आणि कुणाला पाठवले ते कधीच कळत नाही. तिसरं मुलीच्या बाबतीत घडतं. 'माझ्यामुळे वर्गातला मुलगा तुरुंगात जाईल' हे ओझं घेऊन ती गप्प बसते. गावात दोन्ही घरं एकाच आळीत असतील तर विचारूच नका.

खरोखर काय होतं ते सांगायचं असेल तर स्पेनमधल्या आल्मेंद्रालेखो गावाचं सांगा. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या वीसहून अधिक मुलींच्या साध्या फोटोंवरून बनावट नग्न चित्रं करून ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली गेली. करणारे त्याच गावचे, त्यांच्याच ओळखीचे मुलगे होते. एका मुलीची आई स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिनं समाजमाध्यमावर उघडपणे बोलून मुलींना सांगितलं की तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही, पुढे या. तेव्हा एकेक घर बोलू लागलं. जून २०२४ मध्ये बालन्यायालयानं पंधरा अल्पवयीनांना एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा दिली आणि स्त्री-पुरुष समानता व तंत्रज्ञानाचा जबाबदार वापर यांचे वर्ग सक्तीचे केले. हे तुरुंगाइतकं भीतिदायक वाटत नाही, पण पंधरा हा आकडा मुलांच्या डोक्यात बसतो, कारण करणारा एकटा नव्हता.

तुमच्या भाषणाचा श्रोताही मला तिथंच दिसतो. तुमच्याकडे बनवणारा एक आहे, पण साठ जणांच्या वर्गात पाहणारे, हसणारे, 'मलाही पाठव' म्हणणारे पन्नास असतात. त्या एकाला तुमच्या भाषणातून फार काही मिळणार नाही, त्याच्याशी आईवडिलांसमोर वेगळं बोलावं लागेल. भाषण या पन्नासांसाठी लिहा. मी साधारण असं बोलले असते:

> मुलांनो, मी पाच-सात मिनिटं बोलणार आहे. कुणाचं नाव घेणार नाही, आणि मी कुणाबद्दल बोलतेय हे ओळखायचा प्रयत्न तुम्हीही करू नका. सगळ्या तुकड्यांत मी हेच सांगणार आहे.
>
> चेहरा बदलायचं अ‍ॅप तुमच्यातल्या पुष्कळांनी वापरलंय. कुणी स्वतःचा चेहरा क्रिकेटपटूला लावला असेल, कुणी आजोबांना लग्नातला नवरदेव केलं असेल. आजोबा हसले, घर हसलं. त्यात काही वाईट झालं नाही. कारण आजोबा समोर होते, त्यांनी ते पाहिलं, आणि 'पूस रे ते' म्हणाले असते तर तुम्ही पुसलं असतं.
>
> आता वर्गातल्या एखाद्या मुलीचा किंवा मुलाचा चेहरा न विचारता उचलला, भलत्याच शरीराला लावला आणि ग्रुपवर टाकला. तिनं तो पाहिला तेव्हा तिच्याआधी चाळीस जणांनी पाहिलेला होता. 'पूस' असं ती कुणाकुणाला सांगणार? तिच्याकडे तर चाळीस नंबरसुद्धा नाहीत.
>
> तुम्ही म्हणाल, बाई, खोटं आहे हे सगळ्यांना कळतं, गंमत आहे. कळतं, हे बरोबर आहे. मान आणि चेहऱ्याचा रंग जुळत नाही, चेहऱ्यासमोरून हात गेला की कडा थरथरते, मान वळवली की कानातलं गायब होतं. पण कळून काय झालं? नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदानाचा चेहरा लिफ्टमध्ये शिरणाऱ्या दुसऱ्याच तरुणीच्या शरीरावर लावलेला व्हिडिओ फिरला. तो खोटा आहे हे देशभर छापून आलं. तरी तिनं जाहीरपणे लिहिलं की शाळा-कॉलेजात असताना माझ्यावर ही वेळ आली असती, तर मी कसं तोंड दिलं असतं याची कल्पनाच करवत नाही. जिच्यामागे चाहते आणि पोलीस उभे राहिले ती हे म्हणते. तुमच्या शेजारच्या बाकावरची मुलगी उद्या सकाळी याच वर्गाच्या दारातून आत यायची आहे. व्हिडिओ खरा आहे की खोटा याचा विचार ती करत नसते. आत गेल्यावर कोण हसणार, एवढंच तिच्या मनात असतं.
>
> हसणारे तुम्ही आहात. तुमच्यातल्या बहुतेकांनी असं काही बनवलेलं नाही, मला माहीत आहे. पण ग्रुपवर आलेल्या गोष्टीवर हसण्याचा इमोजी टाकला, दुसऱ्या ग्रुपला पाठवली, 'अजून आहे का' विचारलं, तर बनवणाऱ्याला पाहिजे होतं ते तुम्ही दिलंत. रश्मिकाच्या प्रकरणात पकडलेल्या तरुणाबद्दल पोलिसांनी सांगितलं की त्याला आपल्या फॅन पेजचे फॉलोअर्स वाढवायचे होते. बघणारे मिळाले नसते तर त्यानं ते केलंच नसतं.
>
> मग तुमच्या फोनवर असं काही आलं तर काय करायचं? पुढे पाठवायचं नाही, इमोजीसुद्धा टाकायचा नाही. ग्रुपवर 'हे काढ' एवढे दोन शब्द लिहिता आले तर लिहायचे. त्याच दिवशी घरातल्या किंवा शाळेतल्या एका मोठ्या माणसाला सांगायचं. आणि ज्या मैत्रिणीचा चेहरा आहे तिला एक निरोप पाठवायचा: 'मी पाहिलं. मी कुणाला पाठवलं नाही. बाईंना सांगायला मी तुझ्याबरोबर येते.' शिक्षक, पोलीस, कायदा यांच्या आधी तिला या निरोपाची गरज असते.
>
> कायदा काय म्हणतो तेही ऐका. अठरा वर्षांखालच्या मुलाचं किंवा मुलीचं अश्लील चित्र बनवणं, जवळ ठेवणं, पाठवणं हा गुन्हा आहे, मग ते अ‍ॅपनं केलेलं असलं तरी. 'असा फोटो करून टाकेन' अशी धमकी देणं हाही गुन्हा आहे. तुम्ही अठरा वर्षांखालचे आहात म्हणून प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, आईवडिलांना तिथं बसावं लागेल आणि तुम्हाला मंडळाच्या प्रश्नांना सामोरं जावं लागेल. मंडळाचं काम तुम्हाला सुधारण्याचं आहे, पण म्हणून ते सोपं नसतं.
>
> कुणी असं काही केलेलं असेल तर त्यानं आजच्या आज येऊन सांगावं. पुसून गप्प बसलास तर आणखी कुणाकडे ते उरलंय हे कुणालाच कळणार नाही. कुणाला पाठवलंस हे तुलाच माहीत आहे, आणि ते कळलं तरच बाकीच्या फोनांवरून ते काढता येईल.
>
> आणि कुणाच्या बाबतीत असं झालेलं असेल तर तिनं किंवा त्यानं हे ऐकावं: तुझा फोटो चांगला होता. तो टाकण्यात तुझी काही चूक झालेली नाही. मला सांग, किंवा १०९८ ला फोन कर, ती मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. सायबर गुन्ह्यासाठी १९३० आहे. नाव न देता तक्रार करायची असेल तर cybercrime.gov.in वर महिला आणि बालकांच्या विभागात तशी सोय आहे. मला सांगितलंस तर मी तुला रागावणार नाही आणि तुझा फोनही काढून घेणार नाही.

शेवटचं वाक्य मुलांच्या घरच्यांशी बोलून मगच उच्चारा. मुली सांगत नाहीत त्याचं मोठं कारण हेच असतं की सांगितलं की आधी फोन जातो आणि मग बाहेर जाणंही बंद होतं. पालकसभा घ्याल तेव्हा आईवडिलांकडून हा शब्द घ्या.

भाषणात 'आपली बहीण समजा' हे घालू नका. असं बोलायची आपल्याला सवय आहे, पण त्यातून मुलं एवढंच शिकतात की मुलीचा मान तिच्या आपल्याशी असलेल्या नात्यावर ठरतो. चेहरा तिचा आहे आणि तिनं हो म्हटलेलं नाही, एवढं कारण पुरे.

नाचाचा व्हिडिओ आता काढायचा कसा, तेही भाषणाइतकंच महत्त्वाचं आहे. क्रम चुकवू नका: आधी नोंद, मग पुसणं. ज्यानं टाकला त्याच्याकडून 'सगळ्यांसाठी डिलीट' करून घ्या. पण व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला दोन दिवसांच्या आसपासच मुदत असते आणि तुमच्याकडे चार दिवस होऊन गेले आहेत. त्यामुळे वर्गातल्या प्रत्येकाला चॅटमधून आणि फोनच्या गॅलरीतून, दोन्हीकडून पुसायला सांगावं लागेल. पुष्कळ फोनांवर आलेला व्हिडिओ आपोआप गॅलरीत उतरतो आणि चॅट पुसली तरी तिथं राहू शकतो. मुलांचे फोन हातात घेऊन तपासत बसू नका. पालकांना चिठ्ठी पाठवा, त्यांच्यासमोर पुसू द्या. इन्स्टाग्रामवर किंवा फेसबुकवर गेला असेल तर तिथं तक्रार करा. आपल्या देशाच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी फेरफार करून तोतयेगिरीनं बनवलेल्या चित्रांसाठी, पीडित व्यक्तीची किंवा तिच्या वतीनं तक्रार आल्यापासून, कंपन्यांना जास्तीत जास्त २४ तासांची मुदत घालून दिली होती, फेब्रुवारी २०२६ मध्ये ती दोन तासांवर आणली. म्हणून तक्रार मुलीच्या किंवा तिच्या पालकांच्या नावानं जाऊ द्या.

अश्लील चित्र असल्याचं निघालं तर takeitdown.ncmec.org ही मोफत सोय अठरा वर्षांखालच्यांसाठी आहे. तिथं चित्र पाठवावं लागत नाही. फोनवरच त्या चित्राची एक आकडी खूण तयार होते, ती खूण सहभागी कंपन्यांकडे जाते आणि त्या आपल्याकडची तशीच चित्रं शोधून काढतात. मात्र त्यासाठी ते चित्र कुणाच्या तरी फोनवर असावं लागतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या खाजगी गप्पांत फिरणारी प्रत त्या खुणेनं सापडत नाही. पोलिसांशी बोलल्यावरच त्या वाटेला जा.

मुलाला सगळ्यांसमोर माफी मागायला लावा, अशी सूचना शाळेत कुणीतरी करेलच. करू देऊ नका. त्यामुळे मुलीला पुन्हा सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं आणि तिला 'माफ केलं' म्हणावंच लागतं. त्याला लिहायचं असेल तर लिहू दे. ती चिठ्ठी तुमच्याकडे राहू दे. तिला हवी तेव्हा ती मागेल, नाही मागितली तरी चालेल. परत येण्याचा दिवस तिनं ठरवावा. दारापासून बाकापर्यंत बरोबर चालायला एखादी मैत्रीण असेल असं बघा, आणि त्या तासाच्या शिक्षकांना आधी सांगून ठेवा की 'बरेच दिवस दिसली नाहीस' असं म्हणू नका.

भाषण झाल्या झाल्या कुणी पुढे येणार नाही. पुढचे काही दिवस मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसू नका. ग्रंथालयाजवळ किंवा व्हरांड्यात, जिथं एकट्या मुलाला तुमच्याशी बोलताना कुणी पाहिलं तरी विचित्र वाटणार नाही अशा जागी थांबा. जो येईल त्याला 'कुणी केलं' हा प्रश्न आधी विचारू नका. 'तो व्हिडिओ आता कुणाकुणाकडे आहे' हे विचारा. मित्राचं नाव सांगायला मुलं कचरतात, पण या प्रश्नाचं उत्तर देतात, आणि पुसायला सुरुवात करायला तेवढं पुरतं.